चौदावं विधान

मी रोज सकाळी गावाकडं दादाला फोन करते आणि डोळे नीट उघडले का, एवढंच विचारते. तो वैतागतो. "उघडलं नसतं तर फोन कुणी उचलला असता गं?" असं म्हणून ठेवून देतो. वहिनी हसते, आमच्या घरचे हसतात. हसू देत. मला त्याचा तो वैतागलेला आवाज ऐकल्याशिवाय चहा जात नाही, त्याला मी काय करू?

मी कोल्हापुरात नर्सिंग कॉलेजात शिकवते आणि मंगळवार पेठेत राहते. चाळिशीत पीएच.डी.चं खूळ डोक्यात घेतलं. विषय सर्पदंशाचा होता. खेड्यातल्या छोट्या दवाखान्यात साप चावलेला माणूस आला, तर तिथल्या नर्सनं आणि डॉक्टरनं काय काय करायलाच हवं, याची एक पक्की यादी बनवायची आणि ती दवाखान्यांना द्यायची. यादी माझ्या मनानं बनवून चालणार नव्हती. माझं कोण ऐकणार? म्हणून डेल्फी पद्धत घेतली.

डेल्फी म्हणजे काही अवघड नाही. जाणकार माणसं निवडायची आणि त्यांना एका खोलीत बसवायचं नाही. एका खोलीत बसवलं की मोठ्या डॉक्टरांनी घसा खाकरला तरी बाकीचे माना डोलावतात, हे मी पुष्कळ बैठकांत पाहिलंय. म्हणून प्रत्येकानं आपापल्या घरी बसून मत द्यायचं. कुणाचं मत काय, हे दुसऱ्याला कळत नाही. सगळ्यांचं मत मला एकटीला कळतं आणि मी तोंड मिटून बसायचं. मी वीस जण घेतले होते. शहरातले फिजिशियन, अतिदक्षता विभाग सांभाळणारे, ग्रामीण रुग्णालयातले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, चार जुन्या जाणत्या सिस्टर. प्रत्येक विधानाला एक ते नऊ गुण द्यायचे होते. एक म्हणजे अजिबात गरज नाही आणि नऊ म्हणजे याच्याशिवाय चालणारच नाही. सात, आठ, नऊ दिले की सहमत धरायचं. वीसपैकी निदान पंचाहत्तर टक्के लोक सहमत हवेत आणि मतं फार पांगलेली नकोत, तर ते विधान यादीत जाणार. फेऱ्या तीनच. हे सगळं पहिल्या फेरीच्या आधी लिहून, एथिक्स कमिटीसमोर ठेवून मंजूर करून घेतलं होतं.

पांगलेली म्हणजे किती, याचं गणित आमच्या गाइड मॅडमनी माझ्या डोक्यात घातलं. या बाई आता निवृत्तीला आल्यात, बोलणं फटकळ, आकड्यांच्या बाबतीत तर देवाचंही ऐकणार नाहीत. त्यांनी मला टेबलावर चिंचोके मांडून शिकवलं. वीस गुण लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभे करायचे. दहाव्या आणि अकराव्याच्या मध्ये बोट ठेवलं की मिळतो तो मध्यक. मग खालचे पाच आणि वरचे पाच बाजूला सारायचे. उरलेले मधले दहा किती जागेत पसरलेत, ते अंतर मोजायचं. त्याला आम्ही आयक्यूआर म्हणायचो. ते अंतर दोन किंवा त्याहून कमी हवं. "मध्यकावर भाळू नकोस," मॅडम म्हणाल्या होत्या. "मध्यक चांगला दिसतो आणि मागं अर्धी माणसं तोंड फिरवून उभी असतात."

बाकी विधानं सरळ होती. चावलेली जागा कापू नये, दोरी आवळून बांधू नये, माणसाला चालवू नये. यावर भांडायला काय आहे? पहिल्याच फेरीत बहुतेकांना सगळ्यांनी नऊ दिले.

भांडण होतं ते चौदाव्या विधानाचं. ते असं होतं: जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठला आणि अंगावर दंशाची खूण दिसत नसली, तरी त्याला मण्यार चावली असेल असं धरून चोवीस तास दवाखान्यात नजरेखाली ठेवावं, घरी पाठवू नये.

मण्यार रात्री येते. झोपलेल्या माणसाला चावते आणि बऱ्याचदा त्याला कळतही नाही. आग नाही, सूज नाही, दातांची खूण शोधून सापडत नाही. सकाळी नुसतं पोट दुखतं. मग काही तासांनी पापण्या जड होतात, आवाज नाकातून येतो, थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. वेळेत श्वास द्यायची सोय झाली तर माणूस वाचतो. घरी गेला तर झोपेतच जातो, आणि लोक म्हणतात, हार्ट फेल झालं. हे विधान मीच मांडलं होतं, त्यामुळं माझा त्याच्यावर जीव होता. संशोधकाचा असा जीव असू नये म्हणतात. होता, काय करता?

पहिल्या फेरीत चौदाव्याला पंचावन्न टक्के सहमती मिळाली. मध्यक सात, आणि मधले दहा जण चारपासून आठपर्यंत पसरलेले, म्हणजे आयक्यूआर चार. शहरातले आयसीयूवाले आठ-नऊ देत होते, कारण त्यांच्याकडं निळे पडलेले लोक येत होते. खेड्यातले डॉक्टर तीन-चार देत होते, कारण त्यांच्याकडं सकाळी ओपीडीत पोट धरून निम्मं गाव येत होतं. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला त्याचा स्वतःचा जुना गुण, सगळ्यांचा मध्यक, पसारा आणि लोकांनी लिहिलेली कारणं नावाशिवाय पाठवली. वाटलं तर गुण बदला, नाही तर राहू द्या. सहमती पासष्टवर आली. मध्यक सातच राहिला आणि आयक्यूआर तीन झाला, पाचपासून आठ. चढत होतं, पण दमेकऱ्यासारखं.

एका डॉक्टरांनी दोन्ही फेऱ्यांत तीनच दिले होते. कारण लिहिलं होतं, "सकाळी पोट सगळ्यांचंच दुखतं. सगळ्यांना ठेवून घ्यायला माझ्याकडं धर्मशाळा नाही." वाचून माझं डोकंच फिरलं. हे डॉक्टर बिद्रीच्या बाजूला, आमच्याच भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात होते. त्यांच्याशी माझं फक्त फोनवर आणि ईमेलवर बोलणं झालेलं. शब्दाला पक्का माणूस, फॉर्म वेळेवर भरायचा. त्या दिवशी मात्र मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली.

तिसऱ्या फेरीचे कागद मी तयार करत होते. प्रत्येकाच्या फॉर्मवर त्याचा जुना गुण चढवायचं काम चाललं होतं. ऐन पावसाळा होता. सकाळीच वहिनीचा फोन आला.

"वन्सं, ह्यांचं पोट लई दुखायलंय. पहाटंपास्नं. एकदा उलटी बी झाली."

"काय खाल्लं रात्री?"

"खाल्लं की नेहमीचंच. भाकरी, आमटी. आमाला काय झालं न्हाय."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. दादाला पाठीचा त्रास. हाडाच्या डॉक्टरनं त्याला गादी बंद करून कडक जागी झोपायला सांगितलं होतं. गेले दोन महिने तो सोप्यात चटई टाकून झोपत होता. हे मला माहीत होतं. मीच त्याला म्हटलं होतं, बरं होईल पाठीला.

"वहिनी, त्याला काही चावलंय का?"

"न्हाय बा. अंगाव काय न्हाय. मी बघितलं की."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. चालवू नका. गाडीतनं न्या. मी आलेच."

"अवो पित्त आसंल, कशाला..."

"वहिनी, न्या म्हणते ना!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू खिडकीत आल्या.

स्कूटरवरनं जाताना डोक्यात नुसतं पासष्ट, पासष्ट चाललं होतं. वीसपैकी सात जाणकार म्हणत होते, याला घरी पाठवायला हरकत नाही. त्या सातांपैकी तीन देणारे तर त्याच दवाखान्यातले. आज तेच ड्युटीवर असले तर? रस्त्यात एका ट्रॅक्टरवाल्यानं मला शिवी घातली, ती मला अजून आठवते, कारण तेवढ्या वेळापुरती मी आकडा विसरले होते.

दवाखान्यात पोचले, तर दादा बाकड्यावर पोट धरून बसलेला आणि वहिनी त्याच्या पाठीवरनं हात फिरवत होती. त्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक बाई होती. अंगावर चिखलानं भरलेलं हिरवं लुगडं. रस्त्याच्या कामावरची असावी. तीही पोटाशी हात घेऊन बसली होती. सोबत कुणी नव्हतं. ती हनुवटी वर करून माझ्याकडं बघत राहिली. एखाद्या परक्या माणसानं असं टक लावून बघावं, याचा मला त्या घाईतही राग आला. मी तिच्याकडं पाठ करून दादापुढं उभी राहिले.

आत डॉक्टर तेच होते. तीन गुणवाले. दारावरची पाटी मी दोनदा वाचली.

त्यांनी दादाला नीट तपासलं, याबद्दल माझी तक्रार नाही. पोट मऊ, बीपी ठीक, खूण कुठंच नाही. नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं, तेही व्यवस्थित गोठलं. घोणस चावली तर रक्त गोठत नाही. मण्यारीच्या विषानं रक्ताला काही होत नाही, त्यामुळं गोठलं यात दिलासा नव्हता. तेही त्यांना माहीत होतंच. त्यांनी चिठ्ठी ओढली. "पित्ताचं इंजेक्शन देतो. दोन तासांनी बरं वाटेल. घरी न्या."

हा माणूस काय बोलणार, हे मला आधीच माहीत होतं. जगात फक्त मला एकटीला माहीत होतं, आणि ते मी त्याला सांगू शकत नव्हते. तुमचा तीन मी पाहिलाय, असं कसं म्हणणार? ते मत त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून दिलं होतं.

"डॉक्टर, चोवीस तास ठेवून घ्या. तो खाली झोपतो. पहाटेपासून पोट दुखतंय."

त्यांनी मान वर केली. माझा आवाज त्यांना ओळखीचा वाटला असावा. "तुम्ही नर्सिंग कॉलेजच्या मॅडम ना? सर्पदंशाच्या?"

"हो. हा माझा सख्खा भाऊ."

ते खुर्ची मागं सारून म्हणाले, "मॅडम, तुमचं ते चौदा नंबरचं विधान आणि माझं काही जमत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकच बेड रिकामा आहे माझ्याकडं. सिस्टर एक. पण तुम्ही म्हणताय तर ठेवतो. तुमच्यासाठी."

मी हात जोडले. खरंच जोडले, त्या माणसापुढं, ज्याला मी मनात शिव्या दिल्या होत्या. वहिनी माझ्याकडं बघतच राहिली. दादाला आतल्या शेवटच्या बेडवर घेतलं. बाहेर येऊन मी त्याचे कपडे घेतले, तेव्हा ती हिरव्या लुगड्याची बाई हातात गोळ्यांची पुडी घेऊन फाटकातनं हळूहळू बाहेर निघाली होती.

मग सुरू झालं ते वाट बघणं. माझ्या आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती, बाळंतपणातसुद्धा नाही. मी दादाच्या उशाशी बसले आणि थोड्या थोड्या वेळानं त्याला सांगत राहिले, एका श्वासात आकडे मोज. श्वासाचे स्नायू थकायला लागले की माणसाचे आकडे कमी होत जातात. ही साधी तपासणी आहे, मशीन लागत नाही.

पहिल्यांदा तो एका दमात तीसपर्यंत गेला. "आता शाळंत घाल मला," म्हणाला. वहिनी हसली. मीही हसले आणि तळहाताचा घाम पदराला पुसला.

पुन्हा मोजलं, तर सत्तावीस. असं होतं, माणूस कंटाळतो, मी स्वतःला समजावलं. पुढच्या वेळी बावीस. त्याला आता पोटाचं बरं वाटत होतं. "दुखायचं थांबलंय की गं, चल घरला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मला जरा नाकातनं आल्यासारखा वाटला. मी वहिनीला काही बोलले नाही. वाटलं, आपण भीतीपोटी ऐकतोय.

मग वहिनीनं त्याला पाणी दिलं. पेला घ्यायला त्यानं वर बघितलं आणि तसं बघताना मान मागं टाकली. हनुवटी वर करून, अर्ध्या पापण्यांच्या खालून तो वहिनीकडं बघत होता. पापण्या उचलेनाशा झाल्या की माणूस असं बघतो. डोळे उघडत नाहीत, म्हणून सगळं डोकंच मागं नेतो. मी हे दरवर्षी मुलींना शिकवते, फळ्यावर चित्र काढून.

"पाणी देऊ नका!" मी ओरडले. पेला वहिनीच्या हातनं खाली पडला. "डॉक्टर! डॉक्टर!"

ते धावत आले. त्यांनी दादाच्या डोळ्यांपुढं बोट धरलं, वर बघायला लावलं, एका श्वासात मोजायला लावलं. दादा अकराला थांबला. त्यानंतर मात्र त्या माणसानं एक क्षण वाया घालवला नाही. विषावरचं औषध सुरू केलं, एकशे आठला फोन केला, श्वासासाठी घशात नळी घातली. श्वासाचा फुगा कुणाच्या हातात न देता स्वतः अँब्युलन्समध्ये चढले आणि कोल्हापूर येईपर्यंत दाबत राहिले. मी समोर बसून त्यांच्या हाताकडं बघत होते. दाब, सोड. दाब, सोड. तो हात थकला तर माझा भाऊ संपला, एवढंच मला कळत होतं. वहिनी पुढं ड्रायव्हरशेजारी बसून मोठमोठ्यानं रडत होती.

दादा व्हेंटिलेटरवर चार दिवस होता. बोट हलत नव्हतं, पापणी हलत नव्हती. भेटायला आलेली गावची माणसं दाराशीच "गेलंच म्हणायचं आता" असं कुजबुजत होती, आणि मी त्यांना हाकलत होते. त्याला ऐकू येतंय, हे मला माहीत होतं. पुढं बरा झाल्यावर त्यानं एकेकाचं नाव घेऊन कोण काय बोललं ते सांगितलं, तेव्हा दोघांतिघांनी आमच्या घरी यायचं सोडलं.

तो बोलायला लागल्यावर मी गाइड मॅडमकडं गेले. घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, भावाची चौकशी केली आणि मग चष्मा घातला.

"तू त्या डॉक्टरांशी चौदाव्याबद्दल बोललीस?"

"विधानाबद्दल नाही हो मॅडम. भावाबद्दल बोलले."

"त्यांच्या दृष्टीनं ते एकच. हे सगळं प्रबंधात लिहायचं. निकाल त्यांना धरून काढायचा आणि त्यांना वगळूनही काढायचा. आणि तिसरी फेरी संपेपर्यंत त्यांना फोन करायचा नाही."

"आभार मानायलासुद्धा नाही?"

"आभार मानायला तर अजिबात नाही."

मला रडूच आलं. पण त्यांचं बरोबर होतं. मी फॉर्म पाठवला, इतर एकोणीस जणांना पाठवला तसाच. तुमचा मागचा गुण तीन, सर्वांचा मध्यक सात, मधल्या दहा जणांचे गुण पाच ते आठ. एक शब्द जास्त लिहिला नाही. पाठवा म्हणून बटण दाबताना मनात आलं, आता काय, हे तर नऊ देणार. ज्या माणसानं स्वतःच्या हातानं श्वास दाबत भाऊ कोल्हापूरला आणला, तो दुसरं काय देईल?

उत्तरं एकेक करून येत राहिली. त्यांचं शेवटी आलं. मी आधी सगळ्यांचे गुण मांडले, मॅडमच्या समोरच. चौदाव्याचा मध्यक आठ. मधले दहा जण सहापासून आठपर्यंत, म्हणजे आयक्यूआर दोन. पसारा बसला! मी टाळीच वाजवणार होते. मॅडमनी माझा हात धरला. "टक्के काढ."

वीसपैकी चौदा जणांनी सात किंवा जास्त दिले होते. सत्तर टक्के.

एक माणूस कमी पडला होता. पंधरा झाले असते तर पंचाहत्तर झाले असते. मी रांगेत खाली बघत गेले. त्यांचा गुण सहा होता. तीनावरून सहावर आले होते. आणखी एक पायरी चढले असते तर विधान यादीत गेलं असतं.

"मॅडम, सत्तरची अट ठेवली तर? पुष्कळ अभ्यासांत ठेवतात."

"आधी ठेवली असतीस तर चाललं असतं. आता आकडे बघून अट बदलायची? मग फेऱ्या कशाला केल्या, पहिल्या दिवशीच लिहून टाकायचं होतंस." मग त्यांनी स्वतःच दुसरं गणित मांडलं. ते डॉक्टर वगळले तर एकोणीसपैकी चौदा, म्हणजे त्र्याहत्तर पॉइंट सात. दोन्हीकडून नापास. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "सहमती झाली नाही, असं लिही. आणि कारणं लिही. ती सगळ्यात महत्त्वाची."

मी संतापून घरी आले. सहा! जीव वाचवून सहा! त्या माणसाला फोन लावायला हात शिवशिवत होता. पण फेरी संपली असली, तरी त्यांनी लिहिलेलं कारण अजून वाचायचं राहिलं होतं. ते मी बसून वाचलं. ते डॉक्टर आता नव्या सिस्टरना शिकवताना ही गोष्ट स्वतःच सांगतात, म्हणून इथं लिहिते आहे.

त्यांनी लिहिलं होतं, "मी अशा एका रुग्णाला ठेवून घेतलं आणि तो वाचला. म्हणून विधान खरं आहे, हे मान्य. पण मी त्याला ठेवलं ते ओळखीमुळं. माझ्याकडं तेव्हा एकच बेड होता. त्याच सकाळी तसंच पोट दुखणारी एक मजूर बाई आली होती. तिची कुणाशी ओळख नव्हती. तिला मी गोळ्या देऊन पाठवलं. दुसऱ्या दिवशी शोधायला गेलो, तर रस्त्याच्या कामाची टोळी पुढं गेली होती. तिचं काय झालं, ते कळलं नाही. आधी बेड आणि माणसं द्या, मग मी नऊ देईन. नाही तर हा नियम ओळखीच्या लोकांपुरताच राहील."

कागद हातात धरून मी बसून राहिले. बाकड्याचं ते टोक मला दिसायला लागलं. हिरवं लुगडं, चिखल, पोटावर हात. आणि ती माझ्याकडं कशी बघत होती ते आठवलं. हनुवटी वर करून. मान मागं टाकून.

टक लावून बघत नव्हती ती. तिच्या पापण्या उचलत नव्हत्या.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मोठ्यानं रडले. तिला झोपेतून उठवायला कोणी असेल, कुणीतरी दुसऱ्या दवाखान्यात नेलं असेल, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलंय. एक दिवस वहिनीला घेऊन त्या रस्त्यानं पार पुढच्या तालुक्यापर्यंत गेले. डांबर पडून रस्ता गुळगुळीत झाला होता. टोळीचा पत्ता ठेकेदाराच्या माणसालाही सांगता आला नाही. "लई टोळ्या येत्यात, ताई," म्हणाला. "नाव काय हाय बाईचं?"

नाव मला माहीत नव्हतं.

म्हणून मी दादाला रोज सकाळी फोन करते. तो वैतागून ठेवून देतो. त्यानंतर थोडा वेळ मी फोन हातातच धरून बसते, कारण दुसरा फोन कुणाला लावायचा, ते मला कळत नाही.